मोबाइलवर पॉडकास्ट करताना: सुरुवातीचं संगीत आणि क्लिपांमधले सांधे

आवाज रेकॉर्ड झाला आहे, बोलणंही नीट आलं आहे, पण सुरुवातीला संगीत लावलं की शब्द बुडतात आणि एका क्लिपवरून दुसरीवर जाताना धक्का बसतो. नव्याने पॉडकास्ट करणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. हा लेख तेवढ्याच कामाबद्दल आहे. फोनवरच, फुकट अ‍ॅपमध्ये, सुरुवातीचं संगीत आवाजाखाली कसं बसवायचं आणि क्लिपांचे सांधे ऐकू येऊ नयेत यासाठी काय करायचं, ते क्रमाने पाहू.

उदाहरण म्हणून साधारण आठ मिनिटांचा एक भाग घेऊ. पहिल्या क्लिपमध्ये निवेदक घरात बसून प्रस्तावना करतो. दुसरीत दादर स्टेशनजवळच्या फूलबाजारातल्या एका विक्रेत्या मावशी बोलतात. ती पहाटे बाजारातच रेकॉर्ड केलेली आहे. तिसरीत निवेदक पुन्हा घरातून समारोप करतो. म्हणजे तीन क्लिपा, एक संगीताचा तुकडा आणि दोन ठिकाणचे दोन वेगळे आवाज.

आधी हाताशी काय हवं

- एकापेक्षा जास्त ट्रॅक असलेलं अ‍ॅप. आयफोनवर गॅरेजबँड, अँड्रॉइडवर बँडलॅब. दोन्ही फुकट आहेत. एकाच ट्रॅकवर कापाकापी करणारी अ‍ॅपं या कामाला अपुरी पडतात, कारण आवाज आणि संगीत स्वतंत्रपणे वर-खाली करता यायला हवं.
- तारेचे इअरफोन. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे कट नेमका कुठे पडला हे कानाला चुकीचं कळतं.
- मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल. पाहुण्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची असेल, तर व्हॉइस नोट नको. फोनच्या रेकॉर्डरमध्ये बोलून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस नोट खूप दाबलेली असते. एकटी ऐकताना चालून जाते, पण चांगल्या रेकॉर्डिंगला जोडली की आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि हा फरक आवाज हळूहळू चढवून-उतरवून, म्हणजे फेड देऊन, झाकला जात नाही.
- प्रत्येक ठिकाणचा बोलण्याविना आवाज. घरात अर्धा मिनिट, बाजारात निदान एक मिनिट. सांध्यांचं निम्मं काम यावर होतं, आणि तिथून निघाल्यावर तो पुन्हा मिळत नाही.
- फोनमध्ये मोकळी जागा. स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते.

१. संगीत निवडा, आणि ते वापरायची परवानगी लेखी ठेवा

‘३० सेकंदांपेक्षा कमी वाजवलं तर चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेही नाही. दुसरा गैरसमज जुन्या गाण्यांबद्दलचा. चाल आणि शब्द हक्कमुक्त झाले असले, तरी त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात आणि ते प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतात. जुन्या नाट्यपदाची अलीकडची रेकॉर्डिंग उचलून लावता येत नाही ती यामुळेच.

मोफत संगीताच्या संग्रहातून तुकडा घेताना त्याचा परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये BY असेल तर श्रेय द्यावं लागतं, NC असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. ND म्हणजे बदल करायला मनाई. आपण तर तुकडा कापणार आणि त्यावर बोलणार, तेव्हा असं संगीत टाळलेलंच बरं. डाउनलोड केलं त्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून संगीताच्या फाइलबरोबर ठेवा. पुढे कुणी हरकत घेतली तर तो दाखवता येतो.

ओळखीत कुणी तबला किंवा पेटी वाजवणारं असेल, तर २० सेकंदांचा स्वतंत्र तुकडा वाजवून घेणं हा सगळ्यात उत्तम मार्ग. मात्र तोही त्यांनी स्वतः बांधलेला असावा आणि ‘हा तुकडा पॉडकास्टच्या सर्व भागांत वापरायला माझी हरकत नाही’ असा मेसेज त्यांच्याकडून घ्यावा. घरचं माणूस असलं तरी घ्यावा.

निवड करताना गाण्याचे शब्द नसलेलाच तुकडा घ्या. दोन माणसं एकदम बोलू लागली की कान दोघांनाही सोडून देतो. बासरी, व्हायोलिन, सनई आणि पेटीचे वरचे सूर मानवी आवाजाच्याच पट्ट्यात येतात, म्हणून ते बोलण्याशी झगडतात. तानपुरा, संथ तबला, गिटारच्या सुट्या तारा बोलण्याखाली सहज बसतात. बासरीचीच धून आवडली असेल तर ती बोलण्याआधी वाजू द्या आणि बोलणं सुरू होताच पूर्ण बाहेर काढा. खाली चालू ठेवू नका.

२. प्रोजेक्ट उघडल्यावर तीन गोष्टी बंद करा

ही अ‍ॅपं मुळात गाणी करण्यासाठी बनवलेली आहेत, म्हणून त्यांच्या काही सवयी आपल्याला नडतात.

पहिली, मेट्रोनोमची टिकटिक. ती बंद करा.

दुसरी, ग्रिड. क्लिप सरकवली की ती मात्रेच्या रेषेला जाऊन चिकटते आणि पाव सेकंद पुढे-मागे करता येत नाही. बँडलॅबमध्ये स्नॅपची सोय बंद करा. गॅरेजबँडमध्ये दोन बोटांनी टाइमलाइन ताणत जा. पुरेशी मोठी झाली की वर Snap to Grid Off असं दिसतं आणि मग क्लिप हवी तिथे ठेवता येते.

तिसरी गॅरेजबँडपुरती. तिथे प्रोजेक्ट सुरुवातीला आठ बारच्या तुकड्यापुरता बांधलेला असतो, म्हणून लांब रेकॉर्डिंग मध्येच कापलं जातं आणि नवख्याला वाटतं की फाइलच खराब आहे. उजवीकडच्या अधिक चिन्हावर टॅप करा, Section A उघडा आणि Automatic चालू करा. हे क्लिपा आत आणण्यापूर्वी करायचं. आणि एकदा काम सुरू झालं की टेम्पोला हात लावू नका, नाहीतर क्लिपा जागेवरून सरकतात.

आता चार ट्रॅक करा: निवेदक, पाहुणा, संगीत, आणि चौथा ठिकाणच्या आवाजाचा. निवेदक आणि पाहुणा एकाच ट्रॅकवर एकापुढे एक लावायचा मोह होतो, कारण जागा वाचते. पण एका ट्रॅकवर दोन क्लिपा एकमेकींवर चढवता येत नाहीत, आणि चढवल्याशिवाय सांधा मऊ होत नाही.

यापुढचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी सगळ्या क्लिपा आपापल्या जागी, नको असलेले तुकडे कापून, आणि मगच आवाजाच्या रेषा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये या रेषांचे, म्हणजे ऑटोमेशनचे, ठिपके ट्रॅकला बांधलेले असतात, क्लिपला नव्हे. ठिपके लावून झाल्यावर क्लिप दोन सेकंद मागे नेली, तर ठिपके जुन्याच जागी राहतात आणि आवाज भलतीकडेच खाली जातो.

३. सुरुवातीचं संगीत: पाच ठिपके

ट्रॅकच्या आवाजाची चढ-उतार करणारी रेषा म्हणजे ऑटोमेशन. गॅरेजबँडमध्ये ट्रॅकच्या चिन्हावर टॅप केल्यावर Automation चा पर्याय येतो. पेन्सिलचं बटण सरकवलं की ठिपके ठेवता येतात. बँडलॅबमध्येही ट्रॅकवर Volume ची अशीच रेषा मिळते.

आपल्या भागात निवेदकाचं पहिलं वाक्य आहे, ‘नमस्कार. आज आपण पहाटेच्या दादरला जाऊ, स्टेशनजवळच्या फूलबाजारात.’ ते बरोबर सहाव्या सेकंदाला सुरू होईल अशी क्लिप ठेवा. संगीत ०:०० पासून. आता संगीताच्या रेषेवर पाच ठिपके द्या:

- ०:०० ला पूर्ण आवाज.
- ०:०४.५ ला पुन्हा पूर्ण आवाज.
- ०:०५.७ ला खालची पातळी.
- ०:१६ ला तीच खालची पातळी.
- ०:२० ला शून्य.

सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो दुसरा ठिपका. तो दिला नाही तर रेषा शून्याव्या सेकंदापासूनच घसरू लागते आणि संगीत कानावर बसण्याआधीच विरून जातं. कुठल्याही उताराला दोन ठिपके लागतात, उतार सुरू होतो तिथे एक आणि संपतो तिथे एक. चौथा ठिपकाही याच कारणासाठी आहे.

संगीत ०:०६ ला नव्हे, ०:०५.७ ला खाली पोचतं याकडे लक्ष द्या. शब्द येण्याच्या थोडं आधी जागा मोकळी झाली की ‘नमस्कार’ स्वच्छ ऐकू येतो. संगीत आणि आवाज एकाच क्षणी बदलले तर कुणीतरी नॉब फिरवल्यासारखं वाटतं.

खालची पातळी किती ठेवायची? अ‍ॅपमध्ये डेसिबल दिसत असतील, तर पूर्ण आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली घेऊन सुरुवात करा. हे गृहीत धरताना सुरुवातीचं संगीत आणि निवेदकाचा आवाज कानाला साधारण सारखे मोठे लागले पाहिजेत. संगीतच जास्त असेल तर आधी ते खाली आणा. आकडे दिसत नसतील तर फोनचा आवाज अगदी कमी करून ऐका. बोलणं समजतंय आणि संगीत जेमतेम आहे, नाहीसं झाल्यासारखं वाटतंय, ही योग्य पातळी. सुरुवातीला बहुतेकांना हे फार कमी वाटतं. पण धून तुम्हाला पाठ झालेली असते, म्हणून ती तुम्हाला हवी असते. ऐकणाऱ्याला शब्द हवे असतात.

इथे फोनचा स्पीकर फसवतो. त्याला खर्जाचे सूर वाजवताच येत नाहीत, त्यामुळे तानपुरा किंवा डग्गा जवळपास गायब होतो. मग आपण संगीत वाढवतो, आणि इअरफोनवर ऐकणाऱ्याच्या कानात तोच डग्गा घुमू लागतो. पातळी नेहमी इअरफोनवर ठरवा.

उताराची जागा संगीताकडून घ्या, घड्याळाकडून नको. ४.५ सेकंद हा आकडा उदाहरणापुरता आहे. तबल्याचा तुकडा असेल तर सम कुठे येते ते बोटाने धरा आणि समेनंतर लगेच उतार सुरू करा. समेच्या अर्धी मात्रा आधी आवाज खाली गेला, तर कानाला वाक्य अर्धवट तोडल्यासारखं वाटतं, आणि चुकलं कुठे हे सापडतही नाही. मग सम गाठण्यासाठी निवेदकाची क्लिप पाव-अर्धा सेकंद पुढे-मागे करावी लागली तरी करा.

सुरुवातीला फेड-इन द्यायचा का? तानपुऱ्यासारखा सलग सूर असेल तर एक-दोन सेकंदांचा द्या. तबल्याची थाप किंवा तारेचा ठोका असेल तर अजिबात नको. ठोक्याची धार पहिल्या काही क्षणांत असते आणि फेड-इन तीच खाऊन टाकतो. तिथे क्लिप ठोक्याच्या किंचित आधी कापा, बस.

शेवटचा उतार चार सेकंदांचा ठेवला आहे, कारण तो बोलण्याखाली संपतो. हा उतार फार घाईचा झाला तर तो ऐकू येतो. अर्थाच्या दृष्टीनेही तो एका मुद्द्याच्या शेवटी यावा, पाहुण्याचं नाव किंवा गावाचं नाव चालू असताना नको.

४. बोलण्यातले कट: फेड इतका छोटा की कळू नये

‘अं… म्हणजे’ काढण्यासाठी Split करून मधला तुकडा उडवला की कधी कधी सांध्यावर बारीक ‘टक्’ ऐकू येतं. ध्वनीची लाट मध्यरेषेपासून दूर असताना कापली गेली की असं होतं. अ‍ॅपमध्ये क्लिपच्या टोकाला फेडची सोय असेल, तर दोन्ही टोकांना १० ते २० मिलिसेकंद द्या; टक् जातं. सोय नसेल तर टाइमलाइन ताणून लाट जिथे मध्यरेषेजवळ सपाट झाली आहे तिथेच कापा, म्हणजे दोन शब्दांमधल्या खऱ्या शांततेत.

श्वासाचंही सांभाळा. कट श्वासाच्या आधी घ्या, म्हणजे श्वास पुढच्या वाक्याबरोबर जातो. श्वास अर्ध्यात कापला तर माणूस गुदमरल्यासारखा वाटतो. सगळे श्वास काढले तर बोलणं दमछाक करणारं होतं.

मऊ सांधा हवा म्हणून बोलण्याच्या शेवटी एक-दोन सेकंदांचा फेड-आउट देणं ही मोठी चूक आहे, आणि मराठीत ती जास्तच महागात पडते. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला असतात आणि बोलताना ते हळू आवाजातच म्हटले जातात. मावशी म्हणतात, ‘काल राहिलेली शेवंती आम्ही विकत नाही.’ त्यातला ‘नाही’ फेडमध्ये गेला, तर वाक्याचा अर्थच उलटतो. माणसाचं शेवटचं अक्षर पूर्ण आवाजात संपू द्या. फेड त्यानंतरच्या शांततेवर चालवा. ती शांतता मिळावी म्हणून प्रत्येक क्लिपच्या शेवटी निदान दोन सेकंद जास्तीचे ठेवून कापा.

५. घरातून बाजारात: आवाज आधी, माणूस नंतर

निवेदकाचं वाक्य १:१२ ला संपतं आणि मावशी तिथून बोलू लागतात. नुसत्या क्लिपा चिकटवल्या तर घरातल्या शांततेवर बाजाराची भिंत कोसळते. उपाय असा: बाजाराचा बोलण्याविना आवाज चौथ्या ट्रॅकवर १:१० ला शून्यापासून सुरू करा, १:१२ पर्यंत मध्यम पातळीला आणा आणि मावशींचं पहिलं वाक्य १:१३ ला येऊ द्या. निवेदक वाक्य संपवत असतानाच मागे हातगाडीची खडखड आणि फुलांचा दर पुकारणारी हाक ऐकू येऊ लागते. ऐकणारा मावशी बोलण्याआधीच तिथे पोचलेला असतो.

परत येताना उलटं करा. मावशींचं बोलणं ३:४० ला संपलं, तर बाजार तसाच चालू ठेवा, ३:४२ ला निवेदकाला सुरू करा आणि ३:४५ पर्यंत बाजार शून्यावर न्या.

मावशींच्या क्लिपमध्ये बाजाराचा आवाज मुळातच असतो, म्हणून चौथ्या ट्रॅकची पातळी त्याला जुळवून घ्या. त्यांचं बोलणं सुरू झाल्यावर गर्दी एकदम दुप्पट झाली असं वाटलं, तर चौथा ट्रॅक १:१३ ते १:१५ मध्ये हळूहळू काढून घ्या.

हा ठिकाणबदल मुद्दाम केलेला असतो, म्हणून तो खपतो. खरा त्रास होतो तो एकाच घरात, दोन वेगळ्या वेळी रेकॉर्ड केलेल्या क्लिपांचा. प्रस्तावना पंखा चालू ठेवून आणि समारोप पंखा बंद करून, किंवा पहिली क्लिप कोरड्या दुपारी आणि दुरुस्तीचं एक वाक्य पाऊस पत्र्यावर वाजत असताना. तिथे सांधा लगेच उघडा पडतो. पंख्याच्या बाबतीत त्याच खोलीचा पंख्यासकटचा अर्ध्या मिनिटाचा आवाज शांत क्लिपच्या खाली घाला, म्हणजे दोन्हीकडे सारखीच घरघर राहते. तुकडा पुन्हा पुन्हा जोडावा लागला, तर कावळा, हॉर्न किंवा कुकरची शिट्टी नसलेला भागच निवडा; तीच शिट्टी दर अर्ध्या मिनिटाला आली की जोड कळतो. पावसाच्या बाबतीत मात्र वाक्य पुन्हा रेकॉर्ड करणं सोपं. पाऊस एकसारखा पडत नाही, म्हणून तो जुळवता येत नाही.

घरघरीचे दोन तुकडे एकमेकांत मिसळताना सरळ रेषेचा उतार-चढाव दिला, तर मधोमध आवाज किंचित पातळ होतो. दोन्ही रेषा मध्यावर अर्ध्यावर असतात, आणि असे दोन असंबंधित आवाज मिळून पूर्ण होत नाहीत, सुमारे ३ डेसिबल कमी पडतात. मध्यावर एक जादा ठिपका देऊन दोन्ही रेषा ५० ऐवजी ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. कानाने एकदा तपासा, कारण प्रत्येक अ‍ॅपच्या पट्टीतले टक्के सारखे नसतात. एक-दोन सेकंद चढवलेल्या अशा सांध्यात खड्डा राहत नाही.

६. बाहेर काढण्याआधी आणि नंतर

मास्टरिंगचं तयार बटण दाबायचा मोह आवरा. गाण्यांसाठी केलेली ही सेटिंग हळू आवाज वर ओढतात, म्हणजे तुम्ही मेहनतीने खाली बसवलेलं संगीत, श्वास आणि पंखा पुन्हा वर येतात.

आधी वेव्ह काढून जपून ठेवा, त्यावरूनच एमपी३ करा. १२८ केबीपीएस बोलण्यासाठी पुरेसं आहे. एमपी३ पुन्हा उघडून दुरुस्ती केली आणि परत एमपी३ केलं, तर दर वेळी दर्जा उतरतो. LUFS हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप. अ‍ॅपल पॉडकास्ट एकूण पातळी -१६ LUFS च्या जवळ ठेवायला सांगतं आणि शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हणतं. अ‍ॅपमध्ये मीटर असेल तर ते पाहा. नसेल तर चांगला बनवलेला एखादा बोलण्याचा पॉडकास्ट आणि तुमची फाइल फोनच्या एकाच आवाजावर आलटून पालटून ऐका. बटणाला हात लावावासा वाटला नाही तर पातळी जमली.

मग तयार फाइल अ‍ॅपच्या बाहेर, साध्या प्लेअरमध्ये तीनदा ऐका. एकदा इअरफोनचा फक्त डावा कान लावून आणि नंतर फक्त उजवा: माणूस एकाच कानात बोलत असेल तर त्या ट्रॅकचा पॅन, म्हणजे डावा-उजवा तोल, मध्यावर आणा. एकदा फोनच्या स्पीकरवर, सांध्यांसाठी. आणि एकदा लोकलमध्ये किंवा रस्त्याने चालताना. तिथे संगीत ऐकू आलं नाही तरी ते वाढवू नका; तिथे फक्त प्रत्येक वाक्याचा शेवट समजतो का, एवढंच तपासा.

पुढच्या भागासाठी या प्रोजेक्टची प्रत काढा, संगीताचा ट्रॅक आणि त्याचे पाच ठिपके तसेच ठेवा, बाकीच्या क्लिपा काढून टाका आणि निवेदकाची नवी क्लिप सहाव्या सेकंदाला बसवा. पहिलं वाक्य लांब असेल तर शेवटचे दोन ठिपके तेवढेच पुढे सरकवावे लागतात.